टँकचं दुसरं बारसं

कुत्र्याचं नाव ठेवताना डोकं चालवायची पद्धत आपल्याकडे नव्हती. रंग बघायचा आणि मोकळं व्हायचं. काळा असला की काळ्या, अंगावर पट्टे असले की वाघ्या, केस डोळ्यांवर आले की झिपऱ्या, आणि घरात कोणी मॅट्रिक पास असलं की टॉमी. एवढं करूनही हाक मारायची वेळ आली की सगळ्यांना मिळून एकच हाक, 'यू यू यू'. कुत्र्यांनी याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

अमेरिकेत कुत्र्याच्या नावामागे मालकाचं आडनाव लागतं. व्हेटच्या दवाखान्यात बाकावर बसलं की आतून एक मुलगी फाईल बघत पुकारते, "बेला देशपांडे?" आणि एक देशपांडे शेपूट हलवत उठते. आमचा पुकारा 'टँक कुलकर्णी' असा व्हायचा. हे नाव आम्ही ठेवलेलं नाही. न्यू जर्सीतल्या ज्या शेल्टरमधून त्याला आणला, तिथे एका खेपेला आलेल्या पिल्लांना एकाच पठडीतली नावं देतात. याच्या खेपेला अवजड वाहनं चालू होती. एक भाऊ डिझेल, दुसरा ट्रॅक्टर, बहीण क्रेन, आणि हा टँक. लॅब्राडॉर आणि इतर अज्ञात कुळांचं हे मिश्रण स्वभावानं मात्र असं की कुकरच्या शिट्टीनं याची झोप मोडत नाही, आणि गणपतीला आलेल्या पोरांनी कान ओढले तर हा दुसरा कान पुढे करतो.

त्याची ही संतवृत्ती बघून आमच्या सौभाग्यवतींनी जाहीर केलं की टँक हॉस्पिटलात थेरपी डॉग म्हणून जाणार.

इथे थोडा खुलासा करायला हवा, कारण भारतातले नातेवाईक यात नेहमी घोटाळा करतात. आंधळ्या माणसाला रस्ता दाखवतो तो सर्व्हिस डॉग; तो एका माणसाचा, शिकून तयार झालेला मदतनीस. थेरपी डॉग हा घरचाच कुत्रा, पण आठवड्यातून एखादा दिवस मालकासोबत हॉस्पिटलात जातो, खोल्याखोल्यांतून हिंडतो आणि लोकांकडून स्वतःला कुरवाळून घेतो. काम एवढंच. पण त्यासाठी परीक्षा असते. 'पेट पार्टनर्स' ही यातली मोठी संस्था, 1977 साली 'डेल्टा फाउंडेशन' म्हणून सुरू झालेली. तिचे नियम बघा : कुत्रा निदान एक वर्षाचा हवा, आपल्या घरी सहा महिने राहिलेला हवा, कच्च्या मांसावर पोसलेला नको, भेटीच्या आधीच्या चोवीस तासांत त्याची आंघोळ झालेली हवी, आणि दिवसाला दोन तासांच्या वर काम नको. आमच्या ऑफिसात यातला एकही नियम माणसांना लागू नाही.

परीक्षेत अनोळखी माणसं त्याच्यावर ओरडतात, लटपटत अंगावर येतात, मागून धक्का देतात, पाचजण मिळून एकदम धसमुसळेपणानं थोपटतात, आणि त्यानं शांत राहायचं. टँकला हा अभ्यास महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकमध्ये आयताच झालेला होता. तो पास झाला. अडलं ते नावावर.

अडवलं वहिनीनं. माझी वहिनी स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोक आलेल्या, घशातून नळी काढलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हा तिचा धंदा. ती म्हणाली, "भाऊजी, 'टँक' हे नाव घेऊन हॉस्पिटलात जाऊ नका. तिथे टँक म्हणजे ऑक्सिजनची टाकी. नर्स विचारेल, 'टँक कुठाय?' दुसरी सांगेल, 'बारा नंबरमध्ये झोपलाय.' पेशंटच्या नातेवाइकांनी काय समजायचं?"

यात दम होता. आणि मग वहिनीनं जे सांगायला सुरुवात केली त्यावरून माझ्या लक्षात आलं की या देशात रोज हजारो कुत्री 'मॅक्स' आणि 'रॉकी' म्हणून हॉस्पिटलांत जातात, पण नावं ठेवताना मालकांनी विचार केलेला असतो तो स्वतःच्या हौसेचा. फार तर कुत्र्याच्या कानाचा. नाव उच्चारणार आहे ते मात्र पलंगावरच्या माणसाचं तोंड, आणि त्या तोंडाची स्थिती कोणी विचारात घेत नाही.

कुत्र्याच्या कानासाठी शिकवणारे लोक सांगतात की नाव दोन अक्षरी ठेवा, त्यात 'क', 'ट' असा टणक आवाज असू द्या, म्हणजे कुत्रा चटकन मान वळवतो. शिवाय ते हुकमांशी जुळू नये. 'जो' ठेवलंत तर 'नो' म्हटल्यावरही तो धावत येणार, आणि 'रे' ठेवलंत तर 'स्टे' म्हटलेलं त्याला स्वतःचंच नाव वाटणार. हा सल्ला शेतावरच्या आणि बागेतल्या कुत्र्याला ठीक आहे. हॉस्पिटलातला कुत्रा चार फुटी दोरीच्या टोकाला उभा असतो. त्याला दचकवून बोलवायची गरज नाही. उलट तिथे नाव ऐकून पेशंट दचकू नये ही पहिली गरज.

काही आवाज मऊ वाटतात आणि काही टोकदार, ही नुसती कल्पना नाही. रामचंद्रन आणि हबर्ड या दोन संशोधकांनी 2001 साली एक जुना प्रयोग नव्यानं मांडला. एक आकृती गोल गरगरीत, दुसरी टोकदार काट्याकाट्यांची. यातली 'बूबा' कोण आणि 'किकी' कोण? अमेरिकेतले विद्यार्थी असोत की तमिळ बोलणारे, जवळजवळ सगळ्यांनी गोल आकृतीला बूबा म्हटलं. म्हणजे 'ब', 'म', 'ऊ', 'ओ' हे आवाज कानाला गुबगुबीत लागतात आणि 'क', 'ट', 'ई' टोचतात. हे ऐकल्यावर माझ्या मुलानं सुचवलेलं 'क्रॅकन' बाद झालं. त्याचं दुसरं स्थळ होतं 'थॅनॉस'. त्याची चर्चाही झाली नाही.

आता वहिनीचा तोंडाचा नकाशा. म्हाताऱ्या माणसाची कवळी रात्री पेल्यात आणि सकाळी दहाला कुत्रा दारात, हे नेहमीचं. कवळी नसली की 'फ' आणि 'व्ह' गेले, कारण त्यांना वरचे दात खालच्या ओठावर टेकावे लागतात. 'स' ची शिट्टी होते. म्हणजे 'फिफी', 'सोफी', 'व्हायोलेट' बाद. त्यात म्हातारपणी आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे हेच 'स', 'फ', 'थ'. तुम्ही तोंडावर मास्क लावून "ही सोफी" म्हणालात तर आजोबांना ऐकू येतं "ही... ओई". ते बिचारे 'ओई' म्हणूनच हाक मारतात, आणि सोफी ढिम्म. इंग्रजीतला 'र' तर पोरांनाही उशिरा येतो आणि आजारात लवकर डळमळतो, म्हणून 'रॉरी', 'ऑरोरा' नकोत. 'स्प्राउट', 'स्कूटर' असली जोडाक्षरं स्ट्रोकनंतर जिभेला अडखळतात.

"मग सरळ 'प', 'ब', 'म' घे ना," मी म्हणालो. "तान्हं मूलही बाबा-मामा म्हणतं."

"ते खरं. पण ज्याचा अर्धा चेहरा लुळा पडलाय त्याचे ओठ मिटत नाहीत. हवा निसटते, आणि 'बॉबी'चं 'वॉवी' होतं. आणि ज्याची जीभ लुळी, त्याला ओठ चालतात पण 'ल', 'ड', 'न' चालत नाहीत. भाऊजी, सगळ्यांना जमेल असं नाव या जगात नाही. व्यंजनं पडली तरी नुसत्या स्वरांवर ओळखू येईल असं नाव शोधा."

हे शेवटचं वाक्य मला त्या आख्ख्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणं वाटलं. 'आऽऊ' एवढंच तोंडातून निघालं तरी आपण हाक मारली आणि कुत्र्यानं बघितलं, हे पेशंटला कळायला हवं. कुत्र्यानं बघावं याची तजवीज दोरी धरणारा करतो. पेशंटच्या तोंडून काहीही आवाज निघाला की हळूच हातानं खूण करायची आणि कुत्र्याचं तोंड पलंगाकडे वळवायचं. यात लबाडी आहे असं कोणाला वाटत असेल तर वाटो. वहिनी सांगते की जो पेशंट तिच्यासमोर शब्द म्हणायला दिवसभर नकार देतो, तो कुत्र्याला 'ये' म्हणायची खटपट आपण होऊन करतो. कुत्रा उच्चार सुधारत नाही, हे त्याचं मुख्य आकर्षण.

उच्चाराचं असं झाल्यावर अर्थाचा घोळ सुरू झाला. शेजारच्या बाईंच्या गोल्डन रिट्रीव्हरचं नाव एंजल. अत्यंत गुणी कुत्री. पण आयसीयूच्या दारात उभं राहून हसतमुखानं "एंजल तुम्हाला भेटायला आलीये" असं सांगणं बरं दिसतं का? 'ब्लू' हे नाव इथे फार लाडकं. पण हॉस्पिटलात 'कोड ब्लू' म्हणजे कोणाचं तरी हृदय बंद पडलंय. कॉरिडॉरमध्ये "ब्लू! ब्लू!" ओरडलात तर तीन डॉक्टर आणि एक शॉक द्यायचं यंत्र धावत येईल. 'बँडिट' म्हणजे दरोडेखोर, त्यानं उशाशी जाऊ नये. आणि 'चार्ली', 'ऑलिव्हर' ही माणसांची नावं आता कुत्र्यांत इतकी माजलीत की नर्सनं नोंदीत लिहावं, 'दुपारी चार्ली पेशंटच्या पलंगावर येऊन झोपला', आणि रात्रपाळीच्या नर्सनं सिक्युरिटीला फोन करावा. त्यात ज्या आजींचे चार्ली नावाचे यजमान वारलेत आणि ज्यांना तारीख-वार आठवत नाही, त्यांच्यापुढे हे नाव घेणं म्हणजे आणखीच नको ते.

या बाबतीत इतिहासही फार मदत करत नाही. थेरपी डॉगची परंपरा जिच्यापासून मोजतात ती स्मोकी नावाची यॉर्कशायर टेरिअर, वजन चार पौंड. 1944 साली न्यू गिनीच्या जंगलात एका खंदकात सापडली, आणि बिल विन या अमेरिकन सैनिकानं तिला दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतली. पुढे विनला डेंग्यू झाला. मित्रांनी स्मोकीला लष्करी हॉस्पिटलात त्याच्याकडे नेलं. ती रात्री त्याच्या पलंगावर झोपायची आणि दिवसा नर्सेस तिला इतर जखमींकडे फिरवायच्या. याला परवानगी देणारे अधिकारी डॉक्टर चार्ल्स मेयो, मेयो क्लिनिकच्या घराण्यातले. स्मोकी 1957 पर्यंत जगली आणि हॉस्पिटलांत कुत्र्यांना वाट करून गेली. पण आज तेच नाव घेऊन ती दारात आली असती तर? सुरुवातीलाच 'स्म' हे जोडाक्षर, मध्ये 'क', आणि अर्थ धुरकट. जिथे भिंतीभिंतीवर 'धूम्रपान निषिद्ध, ऑक्सिजन चालू आहे' अशी पाटी, तिथे "स्मोकी इन रूम नाइन" म्हटलं तर आधी पाण्याचे फवारे सुरू होतील. मेयो क्लिनिकनं मात्र पुढे धडा घेतलेला दिसतो. त्यांच्याकडे जो मिनिएचर पिन्शर होता त्याचं नाव जॅक, आणि तोही 'डॉक्टर जॅक'. नाव एका श्वासाचं आणि वर पदवी. पेशंट अर्धमेला असला तरी डॉक्टरला हाक मारायची त्याला सवय असते.

आम्ही मराठीकडे वळलो. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली होती. ती म्हणाली, "मोती ठेवा की. किती पिढ्यांचं नाव आहे." नाव सुंदर, पण अमेरिकन जीभ दोन स्वरांमध्ये आलेल्या 'त'चा 'ड' करते. मोतीची 'मोडी' होते, आणि माझा तपकिरी चेहरा बघून समोरच्याला वाटतं, यांनी कुत्र्याचं नाव राजकारणातून घेतलंय. 'काळू'मधला 'ळ' इथे कस्टममध्येच अडकतो. 'भोला'मधला 'ह' कोणाला सापडत नाही. 'लाडू' बरं होतं, पण बिल्ल्यावर इंग्रजीत लिहिलं की अर्धे लोक 'लॅडू' वाचतात. हा बिल्ला महत्त्वाचा, कारण कुत्र्याच्या गळ्यात फोटोसकट तो असतो, आणि बरेच जण कुत्र्याचा फोटो, नाव आणि वय छापलेलं कार्डही पेशंटपाशी ठेवून येतात. नाव कानावर न पडता नुसतं वाचूनही जमलं पाहिजे.

वहिनीच्या कसोटीला उतरलेली नावं शेवटी दोनच राहिली. पहिलं 'नाना'. सोपं, मऊ, स्वर मोकळे. स्पॅनिशमध्ये अर्थ अंगाईगीत, आणि इथल्या हॉस्पिटलांत स्पॅनिश बोलणारे पेशंट खूप, त्यामुळे हे तपासावंच लागतं. 'बोबो' हे नाव आवाजानं गुबगुबीत म्हणून आम्हाला पसंत पडलं होतं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ मूर्ख. नाना या सगळ्यातून पार झाला. पण माझे सासरे नाना. "नाना, खाली बसा" म्हणायचं की "नाना, खाली बस"? आणि "नानांना शी करून आणा" हे वाक्य फोनवर त्यांनी ऐकलं तर? सौभाग्यवतींनी बैठक तिथेच बरखास्त केली.

राहिलं 'बाबू'. दोन्ही अक्षरांत ओठ, मग मोकळा 'आ', शेवटी गोल 'ऊ'. कवळी नसली तरी चालतं, मास्कमधून ऐकू जातं, ओठ मिटले नाहीत तरी 'आऽऊ' उरतं. स्पेलिंग चार अक्षरांचं आणि वाचायला दुसरं काही नाही. दोष दोनच निघाले. साठीच्या पुढच्या अमेरिकनांना 'साइनफेल्ड' मालिकेतला बोट नाचवणारा हॉटेलवाला बाबू आठवतो. पण तो आठवून माणूस हसतो, तेव्हा हा दोष आम्ही जमेच्या बाजूला धरला. दुसरा दोष असा की आई मला बाबू म्हणते. "तुझं काय जातंय," आई म्हणाली, "हाक मारली तर येतोस कुठे तू?"

कुत्र्याचं नाव बदलणं माणसाचं बदलण्याइतकं कटकटीचं नाही. नवं नाव घ्यायचं, लगेच जुनं घ्यायचं, बघितलं की बिस्किटाचा तुकडा द्यायचा. "बाबू, टँक." तुकडा. काही दिवसांनी 'टँक' हळू म्हणायचं आणि मग गाळायचं. नुसत्या 'बाबू'वर, खेळण्यात दंग असतानाही, मान वळली की झालं. आमच्याकडे अडचण एवढीच आली की आई स्वयंपाकघरातून "बाबू, चहा झाला" म्हणायची आणि चहाला दोघे हजर. बिस्किट मात्र त्यालाच.

नाव जमलं की फसलं हे हॉस्पिटलात कसं ओळखायचं तेही सांगून ठेवतो. ओळख करून दिल्यावर पेशंट 'स्वीटी', 'पपी', 'गुड बॉय' असं म्हणू लागला आणि नाव घेईचना, तर नाव फसलं. त्याला ते जमत नाहीये आणि तो सभ्यपणे टाळतोय. "काय म्हणालात?" असं दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच समजा. निघताना दारापर्यंत गेल्यावर मागून नावानिशी हाक आली, मग ती कितीही वेडीवाकडी असो, तर नाव बसलं. बाबूला आत्तापर्यंत बाऊ, बाबो, वावू आणि एका आजोबांकडून ठासून 'बॉब' अशा हाका आल्यात. बॉबलाही तो ओ देतो.

तेव्हा तुमच्यापैकी कोणाचा कुत्रा या कामाला लागणार असेल तर नाव पक्कं करण्याआधी एवढं करा : दोन वर्षांच्या पोराकडून म्हणवून घ्या, कवळी काढलेल्या आजोबांकडून म्हणवून घ्या, स्वतः मास्क लावून दुसऱ्या खोलीतून म्हणा, आणि एखाद्या नर्सला विचारा की या शब्दाला तिच्या वॉर्डात दुसरा काही अर्थ आहे का. घरात त्या नावाचं कोणी वडीलधारं नाही ना, हेही बघा. गळ्यातली पट्टी मग कोरायला टाका. दुकानातलं मशीन ती काही मिनिटांत कोरून देतं, पण कोरलेलं परत घेत नाहीत.